ठोका किती हुकतो, आणि किती वेगाने

एखाद्या यंत्राची रचना करणाऱ्या अभियंत्यासमोर १०० मेगाहर्ट्झचे दोन क्लॉक आहेत असे धरू. दोन्ही चिमुकल्या धातूच्या डब्यांत बंद, दोन्ही सेकंदाला दहा कोटी ठोके देणारे. माहितीपत्रकात दोघांच्याही नावापुढे जिटरचा आकडा छापला आहे आणि तो अगदी सारखा आहे: ०.३२ पिकोसेकंद. पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले तर त्यातला एक. दुसरा क्लॉक पहिल्यापेक्षा बराच स्वस्त आहे. आकडा सारखा असेल तर महागडा कशाला घ्यायचा, असे कोणालाही वाटेल. पण पहिला क्लॉक डॉपलर रडारमध्ये बसवला तर वाऱ्याचा वेग नीट मोजता येतो, आणि दुसरा बसवला तर डोंगरावरून आलेल्या प्रतिध्वनीत वारा हरवून जातो. दोन्ही माहितीपत्रके खरेच बोलत आहेत. फक्त त्यांनी छापलेला आकडा अर्धी गोष्ट सांगतो.

उरलेली अर्धी गोष्ट फेज नॉइज नावाच्या आलेखात असते. जिटर आणि फेज नॉइज हे दोन वेगळे दोष नाहीत. एकाच दोषाकडे पाहण्याच्या या दोन पद्धती आहेत, आणि एकीवरून दुसरीकडे जाता येते. मात्र हा रस्ता एकेरी आहे: आलेखावरून आकडा काढता येतो, आकड्यावरून आलेख काढता येत नाही. खरेदीतल्या आणि दुरुस्तीतल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात.

आधी चूक म्हणजे नक्की काय, ते पाहू. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकचा एक फेरा १० नॅनोसेकंदांचा. त्याचा व्होल्टेज दर १० नॅनोसेकंदांनी वर चढतो आणि त्या चढत्या कडेवर पुढचे सर्किट काम करते. आदर्श क्लॉकची प्रत्येक कड ठरल्या क्षणी येते. खऱ्या क्लॉकची एखादी कड किंचित आधी येते, एखादी किंचित उशिरा. ठरल्या क्षणापासूनचे हे अंतर वेळेत मोजले की त्याला जिटर म्हणतात. हेच अंतर फेऱ्याच्या हिश्शात, म्हणजे कोनात, मोजता येते. पूर्ण फेरा म्हणजे २π रेडियन. कड एक पिकोसेकंद हुकली तर ती फेऱ्याचा दहा हजारावा हिस्सा हुकली, म्हणजे २π भागिले १०,००० रेडियन. वेळेची चूक आणि कोनाची चूक यांच्यात फक्त एक भागाकार आहे: कोन भागिले २π गुणिले वारंवारता.

आता ही चूक स्पेक्ट्रममध्ये कशी दिसते? आदर्श क्लॉकच्या मूळ लहरीचा स्पेक्ट्रम म्हणजे १०० मेगाहर्ट्झवर उभी एकच बारीक रेघ. समजा क्लॉकच्या शेजारी ४०० किलोहर्ट्झने उघडझाप करणारा स्विचिंग वीजपुरवठा आहे आणि त्याची लहर क्लॉकच्या वीजवाहिनीत झिरपते. कडा सेकंदाला चार लाख वेळा पुढेमागे झुलू लागतात. स्पेक्ट्रमवर मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना, बरोबर ४०० किलोहर्ट्झ अंतरावर, दोन छोट्या रेघा उगवतात. त्या साइडबँड. अशा एकट्या, टोकदार रेघेला या क्षेत्रात स्पर म्हणतात. मुख्य रेघेपासूनचे अंतर सांगते की कडा किती वेगाने झुलतात, आणि रेघेची उंची सांगते की त्या किती दूर झुलतात.

उंचीवरून हिशोब करून पाहू. अ‍ॅनलायझरवर या रेघा मुख्य रेघेपेक्षा ६० डेसिबलने खाली दिसतात असे धरू. ६० डेसिबल खाली म्हणजे व्होल्टेजमध्ये एक हजारावा हिस्सा. दोन्ही बाजूंच्या रेघा मिळून कडा हलवतात, म्हणून कोनाचा झोका दोन हजारांश रेडियनचा. त्याला २π गुणिले १० कोटींनी भागले की ३.२ पिकोसेकंद येतात. म्हणजे प्रत्येक कड ठरल्या जागेपासून ३.२ पिकोसेकंदांपर्यंत पुढे आणि तितकीच मागे जाते. आरएमएस, म्हणजे वर्गांची सरासरी काढून तिचे वर्गमूळ घेतले, तर हा आकडा सुमारे २.२५ पिकोसेकंद होतो. माहितीपत्रकातल्या ०.३२ च्या सात पट. आलेखावर नगण्य वाटणारी ती दोन टोके प्रत्यक्षात सगळ्या यादृच्छिक थरथरीपेक्षा भारी पडतात. काही पत्रकांत जिटरचा आकडा स्पर वगळून दिलेला असतो, तिथे बारीक अक्षरातली ओळ वाचणे आवश्यकच आहे.

आणि इथेच स्पेक्ट्रमचा खरा उपयोग कळतो. हाच दोष ऑसिलोस्कोपवर पाहिला तर क्लॉकची कड जराशी जाड दिसते, एवढेच. जाडी कशामुळे आली ते कड सांगत नाही. स्पेक्ट्रम मात्र ४०० किलोहर्ट्झ हा आकडा दाखवतो आणि बोर्डावर त्या वारंवारतेने चालणारी वस्तू बहुधा एकच असते. रेघ ५० किंवा १०० हर्ट्झवर असेल तर घरगुती वीजपुरवठ्याकडे पाहावे.

बहुतेक चूक मात्र अशी नेमकी नसते. ती यादृच्छिक असते: स्फटिकातली, ट्रान्झिस्टरमधली, रोधातली उष्णतेमुळे होणारी खळबळ. ती कोणत्या एका वेगाने नव्हे, सगळ्याच वेगांनी कडा हलवते. त्यामुळे दोन रेघांऐवजी मुख्य रेघेच्या दोन्ही बाजूंना एक उतरता घोळ दिसतो, मधोमध उंच आणि लांब जाताना पसरट होत जाणारा. तोच फेज नॉइज. मोजायची रीत अशी: मुख्य रेघेपासून एखाद्या अंतरावर एक हर्ट्झ रुंदीची फट घ्यायची, त्या फटीत किती शक्ती आहे ते पाहायचे आणि ती मुख्य रेघेच्या शक्तीपेक्षा किती डेसिबल खाली आहे ते लिहायचे. मुख्य रेघेला कॅरियर म्हणतात, म्हणून एकक होते डीबीसी प्रति हर्ट्झ. डेसिबलचा नियम साधा आहे: दर १० डेसिबलला शक्ती दहा पटींनी बदलते. उणे १५० डीबीसी प्रति हर्ट्झ म्हणजे कॅरियरच्या शक्तीचा एकावर पंधरा शून्ये एवढ्यांवा हिस्सा.

या घोळाला विशिष्ट आकार का असतो, याचे सोपे स्पष्टीकरण १९६६ मध्ये डेव्हिड लीसन यांनी दोन पानांच्या एका टिपणात दिले. ऑसिलेटर म्हणजे आपलेच आउटपुट परत आत घेणारा अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्या वाटेवर बसलेला एक रेझोनेटर, उदाहरणार्थ क्वार्ट्झ स्फटिक. अ‍ॅम्प्लिफायरचा नॉइज रेझोनेटरच्या पट्ट्याच्या आत पडला तर तो फेऱ्यामागून फेरे फिरत साचत जातो, पट्ट्याबाहेर पडला तर साचत नाही. रेझोनेटर जितका काटेकोर तितका त्याचा पट्टा अरुंद, आणि तितका कॅरियरजवळचा घोळ सडपातळ. क्वार्ट्झ महाग पडूनही टिकून आहे तो यासाठी. कॅरियरच्या अगदी जवळ आलेख दर दहापटीला ३० डेसिबलने उतरतो, दूर गेल्यावर तो सपाट होतो. त्या सपाट भागाला फ्लोअर म्हणतात.

आता सुरुवातीच्या दोन क्लॉककडे परत येऊ. त्यांना अ आणि ब म्हणू. दोघांचाही फ्लोअर उणे १५० डीबीसी प्रति हर्ट्झ. जिटरचा आकडा काढायचा तर आलेखाखालचे क्षेत्रफळ मोजायचे, साइडबँड दोन बाजूंना असल्याने दुप्पट करायचे, वर्गमूळ घ्यायचे आणि २π गुणिले वारंवारतेने भागायचे. लिहायचे तर असे:

```
σ = √( 2 · ∫ L(f) df ) / ( 2π · f₀ )
```

क्षेत्रफळ कुठून कुठपर्यंत? माहितीपत्रकात बहुतेक वेळा १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ असे लिहिलेले असते. या टप्प्यात फ्लोअरच प्रमुख आहे. १०⁻¹⁵ गुणिले दोन कोटी हर्ट्झ म्हणजे २×१०⁻⁸. दुप्पट केले की ४×१०⁻⁸, वर्गमूळ २×१०⁻⁴ रेडियन. २π गुणिले १० कोटींनी भागा, उत्तर ०.३२ पिकोसेकंद. दोन्ही क्लॉकना हे उत्तर लागू पडते, म्हणून पत्रकात एकच आकडा.

हा १२ किलोहर्ट्झ आणि २० मेगाहर्ट्झचा पट्टा निसर्गाने दिलेला नाही. तो दूरसंचाराच्या ऑप्टिकल फायबर जाळ्यातून आला आहे, सेकंदाला सुमारे २.५ अब्ज बिट वाहणाऱ्या ओसी-४८ नावाच्या दुव्यासाठी ठरलेला. तिथे बिट झेलणारे सर्किट येणाऱ्या बिटांच्या गतीशी आपला क्लॉक सतत जुळवत असते. कडा सावकाश सरकत असतील तर तेही त्यांच्याबरोबर सरकते आणि काहीच चुकत नाही. म्हणून सावकाश चूक हिशोबात धरली नाही, हे त्या कामापुरते अगदी योग्य. पुढे हाच पट्टा सवयीने इतर सगळ्या क्लॉकच्या पत्रकांवरही येऊन बसला, मग तो क्लॉक कुठल्याही कामाला जावो. तिथे ही सवय घातक ठरू शकते.

कारण १२ किलोहर्ट्झच्या खाली अ आणि ब यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅरियरपासून २०० हर्ट्झवर अ चा आलेख उणे १२० वर आहे, ब चा उणे ८० वर. चाळीस डेसिबल, म्हणजे शक्तीत दहा हजार पट. दोघांचाही उतार दर दहापटीला ३० डेसिबल धरला तर ब चा आलेख सुमारे ४३ किलोहर्ट्झवर फ्लोअरला टेकतो, आणि १२ ते ४३ किलोहर्ट्झमधल्या त्या तुकड्याचे क्षेत्रफळ एकूण क्षेत्रफळाच्या शेकडा एक-दोन भागाएवढेच भरते. पत्रकातल्या आकड्यात ते दिसतही नाही. आता मोजणी १२ किलोहर्ट्झऐवजी १० हर्ट्झपासून सुरू करा. अ चा जिटर ०.३२ वरून ०.५५ पिकोसेकंद होतो. ब चा होतो ४५ पिकोसेकंद.

एकशे चाळीस पट वाढलेला हा आकडा पाहून ब ला लगेच टाकाऊ ठरवणेही चूक होईल. तबल्याची लय मैफलीत हळूहळू चढत गेली तरी लगतच्या दोन मात्रांमधले अंतर कानाला एकसारखेच लागते. तसे ब च्या कडा फार सावकाश भरकटतात. शेजारशेजारच्या दोन कडा जवळजवळ बरोबरीने सरकतात. संगणकाच्या प्रोसेसरला एका कडेपासून पुढच्या कडेपर्यंत किती वेळ मिळाला एवढेच महत्त्वाचे असते. या अंतराच्या चुकीला पिरियड जिटर म्हणतात, आणि ब चा पिरियड जिटर अ च्या इतकाच चांगला आहे, कारण तो दोघांच्याही सारख्या असलेल्या फ्लोअरने ठरतो. ज्याला फक्त प्रोसेसर चालवायचा आहे त्याने ब बेलाशक घ्यावा.

गणितात हीच गोष्ट नेटकी उतरते. दोन क्षणांमधल्या फेजच्या फरकाशीच कामाचा संबंध असेल, तर मूळ फेज नॉइजला 4·sin²(π·f·τ) या पदाने गुणावे लागते. τ म्हणजे त्या दोन क्षणांमधला काळ, f म्हणजे कॅरियरपासूनचे अंतर. पिरियड जिटरसाठी τ फक्त १० नॅनोसेकंद. २०० हर्ट्झला हे पद इतके लहान होते की तिथला कितीही मोठा घोळ पुसला जातो. कोणत्याही वापरात पहिला प्रश्न हाच विचारावा: या कामात मी क्लॉकची तुलना कशाशी आणि किती वेळाने करतो आहे? त्या उत्तरावरून आलेखाचा कोणता तुकडा मोजायचा ते ठरते.

रडारमध्ये हे उत्तर वेगळे निघते. मुंबईत कुलाब्याला हवामान विभागाचे एस-बँड डॉपलर रडार आहे, तशा जातीचे एखादे रडार डोळ्यासमोर आणा. २,८०० मेगाहर्ट्झची लहर सोडायची, पावसाच्या थेंबांवरून परत आलेली लहर घ्यायची आणि तिची वारंवारता किती बदलली ते पाहायचे. वाऱ्याबरोबर ताशी सुमारे ३८ किलोमीटर वेगाने रडारकडे येणारे थेंब या वारंवारतेत फक्त २०० हर्ट्झची भर घालतात. २८० कोटी हर्ट्झमधले २०० हर्ट्झ. आणि त्याच दिशेला, त्याच अंतरावर एखादा डोंगर असेल तर त्याचा प्रतिध्वनी थेंबांच्या प्रतिध्वनीपेक्षा ६० डेसिबलने, म्हणजे दहा लाख पटींनी मोठा असू शकतो. डोंगर स्थिर आहे, त्याची वारंवारता बदलत नाही, म्हणून तो गाळून टाकता येतो. पण डोंगराचा प्रतिध्वनी येताना क्लॉकच्या फेज नॉइजचा घोळ बरोबर घेऊन येतो, आणि त्या घोळाचा २०० हर्ट्झवरचा भाग नेमका वाऱ्याच्या जागेवर पडतो.

ही २,८०० मेगाहर्ट्झची लहर आपल्या १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला २८ ने गुणून तयार केली आहे असे समजू. इथे जिटर आणि फेज नॉइज यांच्यातला एक मोठा फरक समोर येतो. वारंवारता गुणली तर कडा वेळेत तितक्याच हुकतात, पिकोसेकंद वाढत नाहीत. पण फेरा २८ पटींनी आखूड झाला, त्यामुळे तीच चूक कोनात २८ पट होते. फेज नॉइज २० गुणिले लॉग २८, म्हणजे २९ डेसिबलने वर चढतो. क्लॉक बिघडला असे समजून लोक अशा वेळी शोधाशोध करतात. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते. दोन क्लॉकच्या फेज नॉइजची तुलना करताना आधी दोघांना एकाच वारंवारतेवर आणायचे, ते यासाठी.

ब साठी हिशोब असा. २०० हर्ट्झवर उणे ८०, गुणाकारामुळे उणे ५१. डोंगर १५ किलोमीटरवर असेल तर लहर जाऊन यायला १०० मायक्रोसेकंद लागतात. रडार परत आलेल्या लहरीची तुलना त्याच क्लॉकच्या आताच्या लहरीशी करते, म्हणून मघाचे साइनचे पद इथेही लागते. फक्त τ आता १०० मायक्रोसेकंद आहे. ते १८ डेसिबलची सूट देते: उणे ६९. वाऱ्याचा वेग मोजणारी फट १० हर्ट्झ रुंद धरली तर १० डेसिबलची भर पडून उणे ५९. डोंगर वाऱ्यापेक्षा ६० डेसिबलने मोठा होता. म्हणजे डोंगराचा घोळ आणि वाऱ्याचा संकेत जवळजवळ एकाच उंचीवर आले आणि वारा दिसेनासा झाला. अ साठी हेच उत्तर उणे ९९ येते. वारा घोळाच्या ३९ डेसिबल वर, स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षातले रडार स्पंदने सोडते, त्यामुळे दूरच्या अंतरांवरचा नॉइजही दुमडून या जागेवर येतो आणि दोन्ही उत्तरे थोडी बिघडतात, पण दोघांमधली दरी राहतेच.

फेज नॉइजचा अभ्यास वाढला तो अशाच रडारमुळे, विशेषतः विमानातून जमिनीकडे पाहणाऱ्या डॉपलर रडारमुळे, जिथे खालची सगळी जमीनच त्या डोंगराचे काम करते. नोव्हेंबर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ग्रीनबेल्टला नासाच्या गोडार्ड केंद्रात आयईईई आणि नासाने अल्पकालीन वारंवारता-स्थैर्यावर परिषद भरवली. रडारवाले स्पेक्ट्रमच्या भाषेत बोलत होते, अणुघड्याळवाले सेकंदांच्या भाषेत. फेब्रुवारी १९६६ मध्ये आयईईईच्या कार्यवृत्ताचा एक खास अंक याच विषयावर निघाला. लीसन यांचे टिपण त्यातच आहे, आणि डेव्हिड अ‍ॅलन यांचा अणुघड्याळांची चूक वेळेच्या अंगाने मोजणारा प्रसिद्ध लेखही त्यातच. दोन्ही पद्धती एकाच अंकात शेजारी बसल्या, हे पाहून आजही समाधान वाटते.

रडारला कॅरियरजवळचा भाग नडला. आवाज, चित्र किंवा रेडिओ संकेत अंकांत बदलणाऱ्या एडीसी चिपला मात्र लांबचा सपाट फ्लोअर नडतो. एडीसी क्लॉकच्या प्रत्येक कडेवर येणाऱ्या संकेताचा व्होल्टेज टिपते. कड किंचित उशिरा आली तर तेवढ्यात व्होल्टेज पुढे सरकलेला असतो, आणि चुकीचा अंक नोंदला जातो. संकेत जितका वेगाने बदलतो तितकी ही चूक मोठी. त्यामुळे चूक ठरते ती २π गुणिले संकेताची वारंवारता गुणिले जिटर, एवढ्यावर. नमुने सेकंदाला किती घेतले याचा त्यात संबंध नाही. १०० मेगाहर्ट्झचा संकेत आणि ०.३२ पिकोसेकंद जिटर असेल तर चूक संकेताच्या पाच हजारांश भाग, म्हणजे संकेत नॉइजच्या ७४ डेसिबल वर. हे बरोबर १२ बिटांचे काम झाले. चिपवर १६ बिट छापलेले असले तरी शेवटचे चार बिट क्लॉकने खाल्ले. तोच क्लॉक १० मेगाहर्ट्झच्या संकेताला ९४ डेसिबल, म्हणजे १५ बिटांहून थोडे जास्त देतो. याच कारणाने चाचणीत हळू संकेतावर उत्तम वाटलेले यंत्र प्रत्यक्ष कामात वेगवान संकेतावर ढिले पडते, आणि दोष चिपच्या माथी मारला जातो.

दोष क्लॉकचाच आहे हे ओळखायची खूण सोपी आहे. संकेताची वारंवारता दुप्पट करा, उंची तीच ठेवा. नॉइज ६ डेसिबलने वाढला तर कारण जिटर. वाढला नाही तर चिपचा स्वतःचा नॉइज किंवा दुसरे काही.

एडीसीसाठी वरची हद्द २० मेगाहर्ट्झवर थांबवणे हीदेखील फसगत ठरू शकते. चिपचे क्लॉक इनपुट त्याहून कितीतरी रुंद असते आणि जेवढा फ्लोअर आत येतो तेवढा सगळा दुमडून कडांवर बसतो. सपाट फ्लोअरची रुंदी चौपट झाली की क्षेत्रफळ चौपट आणि जिटर दुप्पट. क्लॉक आणि चिपच्या मध्ये एक साधे अरुंद पट्ट्याचे गाळणी-सर्किट बसवले की हा लांबचा भाग कापला जातो. ब च्या जवळच्या घोळावर मात्र हा उपाय चालत नाही, कारण २०० हर्ट्झ जवळ कापणारी गाळणी १०० मेगाहर्ट्झवर बनवायची तर ती स्वतःच एक उत्कृष्ट स्फटिक लागेल.

मोजमापातही हाच भेद आडवा येतो. ऑसिलोस्कोपला क्लॉकच्याच कडेवर ट्रिगर केले आणि पुढची कड पाहिली तर सावकाश भटकंती पूर्ण लपते. ब चे ४५ पिकोसेकंद तिथे कधीच दिसणार नाहीत. साध्या स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर साइडबँड दिसतात, पण कडा हलल्यामुळे आलेले आणि उंची कमीजास्त झाल्यामुळे आलेले साइडबँड पडद्यावर सारखेच दिसतात. उंचीचा चढउतार कडा चौकोनी करणाऱ्या सर्किटमध्ये बराचसा छाटला जातो, म्हणून तो हिशोबात धरला तर जिटर खोटा वाढतो. शिवाय अ‍ॅनलायझरच्या आतही एक ऑसिलेटर असतोच. मोजायचा क्लॉक त्याच्याहून चांगला असेल तर पडद्यावर दिसतो तो अ‍ॅनलायझरचा स्वतःचा नॉइज.

यावरचा उपाय आता चांगल्या फेज नॉइज अ‍ॅनलायझरमध्ये रुळला आहे. एकाच क्लॉकचा संकेत दोन वाटांनी, दोन वेगळ्या अंतर्गत ऑसिलेटरांशी ताडून पाहायचा आणि दोन्ही उत्तरांतला समान भाग तेवढा ठेवायचा. क्लॉकची चूक दोन्ही वाटांत सारखी असते, यंत्राची चूक दोन्हींत वेगवेगळी. सरासरी काढत गेले की यंत्राची चूक विरत जाते: १०० वेळा केल्यावर १० डेसिबल, दहा हजार वेळा केल्यावर २० डेसिबल. फ्लोअरसाठी हे पटकन होते. कॅरियरच्या जवळ मात्र वेळ लागतो, कारण एक हर्ट्झ इतका बारीक भेद करायला प्रत्येक मोजणीला किमान एक सेकंद द्यावा लागतो, आणि दहा हजार मोजण्यांना पावणेतीन तासांहून थोडे जास्त. अ सारख्या क्लॉकच्या पत्रकात १० हर्ट्झपासूनचा पूर्ण आलेख छापलेला असेल तर त्यामागे प्रयोगशाळेतला एवढा निवांत वेळ गेलेला असतो.